धूर, धुके आणि धुरके

नागपुरात सक्करदऱ्याच्या चौकातून उमरेड रस्त्याला लागणाऱ्या वाहनांत उतारूंच्या तोंडी एक नाव नित्य ऐकू येते, ते म्हणजे ताजबाग. राजे रघुजीराव भोसले यांनी ज्यांना आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने आणून ठेवले, आणि १९२५ साली तेथेच ज्यांचे देहावसान झाले, त्या ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यामुळे हे नाव रूढ झाले. खुद्द सक्करदऱ्यात ‘छोटा ताजबाग’ आहे तोही त्यांच्याच नावाचा. परंतु नावाकडे जरा बारकाईने पाहिले, तर बाबांचे पुरे नाव त्यात नाही असे दिसते. ‘ताजुद्दीन’ यातील पूर्वार्ध ठेवून उत्तरार्ध गाळला, उरलेल्या ‘ताज’ला अखंड ‘बाग’ जोडली, आणि जो शब्द तयार झाला त्याबद्दल कोणालाही आजवर खुलासा मागावा लागलेला नाही. असे शब्द व्याकरणाच्या कोणत्या दफ्तरात दाखल करावयाचे, हा प्रश्न दिसतो त्याहून थोडा अवघड आहे.

दोन शब्दांपासून एक शब्द करण्याचे दोन राजमार्ग आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात, एक समास व दुसरा संधी. ‘राजवाडा’ या समासात राजा आणि वाडा दोघेही ओळखू येतात. ‘राजा’चा शेवटचा आकार गेला असला, तरी राजपुत्र, राजदूत, राजमहाल अशा सर्वच शब्दांत तो तसाच जातो, म्हणजे त्याचे जाणे नियमाने ठरलेले आहे. संधीत तर दोन वर्ण एकमेकांत विरघळूनच जातात. सावरकरांनी रूढ केलेला ‘दिनांक’ हा शब्द घ्या. ‘दिन’चा अंत्य अकार आणि ‘अंक’चा आद्य अकार मिळून एक दीर्घ आकार झाला आहे, तथापि ज्याला सवर्णदीर्घाचा नियम माहीत आहे, त्याला ते दोन शब्द पुन्हा जसेच्या तसे वेगळे करून दाखविता येतात. संधी व समास यांचा व्यवहार असा चोख आहे. काय गेले आणि काय राहिले याचा तपशील केव्हाही सादर करता येतो.

पण शब्द जोडण्याचा एक तिसराही मार्ग आहे, आणि तेथे असा कोणताही नियम लिहून ठेवलेला नाही. एका शब्दाचे डोके घ्यावे, दुसऱ्याचे शेपूट घ्यावे, मधला भाग दोहोंचाही टाकून द्यावा, आणि उरलेले दोन तुकडे असे एकमेकांत बसवावेत की सांधा दिसू नये, असा हा प्रकार आहे. इंग्रजीत अशा शब्दाला पोर्टमँटो म्हणतात, आणि हे नाव त्याला व्याकरणकारांनी दिलेले नाही.

पोर्टमँटो हा मूळचा फ्रेंच शब्द. वाहणे आणि झगा अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो समास असून, फ्रान्सच्या दरबारात राजाचा झगा सांभाळणाऱ्या हुजऱ्याला तो प्रथम लावीत. पुढे प्रवासात कपडे नेण्याच्या चामडी पेटीला तेच नाव मिळाले, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा अर्थ, मध्यभागी बिजागरी असलेली, पुस्तकासारखी उघडणारी आणि आत दोन सारखे कप्पे असलेली पेटी, असा स्थिर झाला. लुइस कॅरोल या टोपणनावाने लिहिणारे ऑक्सफर्डचे गणिताध्यापक डॉजसन यांनी १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ॲलिसच्या दुसऱ्या गोष्टीत या पेटीचा उपयोग करून घेतला. त्या गोष्टीत अनाकलनीय शब्दांनी भरलेली एक कविता आहे, आणि तिचा अर्थ ॲलिसला समजावून सांगण्याचे काम हम्टी डम्टी नावाचे भिंतीवर बसलेले एक अंडे करते. कवितेतील ‘स्लायदी’ हा शब्द म्हणजे ‘लाइद’ आणि ‘स्लायमी’, अर्थात चपळ आणि बुळबुळीत. पेटीत दोन बाजूंचे कपडे बंद करावेत त्याप्रमाणे दोन अर्थ एका शब्दात बंद केले आहेत, असे ते अंडे सांगते. या विनोदी भाष्यातूनच भाषाशास्त्राला एक पारिभाषिक संज्ञा मिळाली. गंमत अशी की आजच्या फ्रेंच माणसाला हा शब्द उच्चारून दाखविला, तर त्याच्या डोळ्यांपुढे कोट टांगण्याची खुंटी उभी राहते. अशा शब्दाला तो स्वतः ‘पेटी-शब्द’ अशा अर्थाचे निराळेच नाव देतो. कॅरोलने घडविलेल्या शब्दांपैकी बहुतेक त्या कवितेतच राहिले. हसणे आणि फुरफुरणे यांच्या संयोगाचा ‘चॉर्टल’ मात्र इंग्रजी कोशांत कायमचा वतनदार होऊन बसला आहे.

या प्रकाराचे सर्वांत परिचित दोन दाखले म्हणजे ब्रंच आणि स्मॉग. ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ साली हंटर्स वीकली या नियतकालिकात लेख लिहून अशी मागणी केली की, शनिवारी रात्री जागरण केलेल्या माणसाला रविवारी भल्या सकाळी उठवून न्याहारीस बसवू नये, त्याऐवजी उशिराने दोहोंचे मिळून एकच भोजन द्यावे. पुढच्याच वर्षी पंच या विनोदी साप्ताहिकाने या नव्या शब्दाची दखल घेतली, आणि दखल घेताना एक तपशील नोंदविला तो आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. हे जोडभोजन न्याहारीच्या वेळेजवळ झाले तर त्याला ‘ब्रंच’ म्हणावे, आणि दुपारच्या वेळेकडे झुकले तर ‘ब्लंच’, असा भेद तेव्हा केला जात असे. म्हणजे एकाच प्रसंगी दोन भावंडे जन्मास आली होती. त्यांतील एक आज नागपूरच्या हॉटेलांच्या फलकांवरही दिसते आणि दुसऱ्याचे नाव कोणाच्या कानीही नाही.

असे का झाले असावे? ब्लंच या शब्दात ‘लंच’ सगळाच्या सगळा उरला आहे, आणि ब्रेकफास्टच्या वाट्याला केवळ एक ‘ब’ आला आहे. एकट्या ‘ब’वरून ऐकणाऱ्याने न्याहारी कशी ओळखावी? ब्रंचमध्ये ‘ब्र’ हे जोडाक्षर आहे. इंग्रजीत त्याने आरंभ होणारे शब्द पुष्कळ असले, तरी भोजनाच्या संदर्भात ते ऐकताच ब्रेकफास्ट आठवतो, आणि ‘अंच’ ऐकताच लंच. दोन्ही पक्षांचा साक्षीदार हजर आहे. पोर्टमँटो शब्दाची पहिली कसोटी हीच म्हणता येईल: जो शब्द कापला गेला, त्याचा उरलेला तुकडा त्याची ओळख पटविण्यास पुरेसा आहे की नाही.

याच कसोटीवर ताजबाग तपासून पाहू. ताजुद्दीन हे अरबी नाव, ‘धर्माचा मुकुट’ अशा अर्थाचे. त्यातील ‘ताज’ हा स्वतंत्र, अर्थवाही शब्द आहे, आणि लोकांनी नाव तोडले ते नेमके त्या सांध्यावर तोडले. म्हणून बाबांचे नाव ज्याला ठाऊक नाही त्याला ताजबाग हा ‘मुकुटाची बाग’ असा साधा समास वाटतो, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला बाबांचे स्मरण होते. पोर्टमँटोचा कारागीर सांधा पाहत नाही. स्मॉगमधील ‘स्म’ला किंवा ब्रंचमधील ‘अंच’ला कोणताही अर्थ नाही, सुरी हाडातून गेलेली आहे. ताजबागेला म्हणून संक्षेपयुक्त समास म्हणावे. ती पोर्टमँटोच्या सरहद्दीवर उभी आहे, आत शिरलेली नाही. आणि मिहान किंवा नीरी ही नागपूरकरांच्या तोंडची नावे तर या हद्दीपासून फारच दूर आहेत, कारण ती लांबलचक इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून बनली आहेत.

नीरीचे नाव निघालेच आहे, तर स्मॉगकडे वळू. या संस्थेची स्थापना नागपुरात १९५८ साली निराळ्या नावाने झाली, १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले, आणि हवेचे प्रदूषण हा तिच्या अभ्यासाचा एक प्रधान विषय राहिला आहे. स्मॉग हा त्याच विषयातला शब्द. स्मोक म्हणजे धूर आणि फॉग म्हणजे धुके. डॉक्टर देव्हो यांनी १९०५ साली लंडनच्या एका सार्वजनिक आरोग्यविषयक परिषदेत वाचलेल्या निबंधामुळे हा शब्द लोकांपर्यंत पोहोचला. धुरामुळे काळवंडलेले धुके ही लंडनला तेव्हा नवी वस्तू नव्हती. घरोघरच्या चुलींतून जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर थंडीच्या दिवसांत जमिनीलगत साचून राही, कारण अशा वेळी खालची हवा वरच्या हवेहून थंड व जड असते आणि ती वर चढत नाही. १९५२ सालच्या डिसेंबरात पाच दिवस टिकलेल्या अशा आवरणाने सुमारे ४,००० माणसे दगावली, असा त्या वेळचा अंदाज होता, आणि पुढील संशोधकांनी तो आकडा बराच वाढविला. स्मॉग हा शब्द पुढे जगातील अनेक भाषांत रुजू झाला.

मराठीने मात्र येथे उसनवारी न करता स्वतःचा शब्द घडविला, आणि तो इतका उत्तम घडला की त्याची कारागिरी सावकाश पाहण्यासारखी आहे. भूगोलाच्या व विज्ञानाच्या मराठी पुस्तकांतून आढळणारा ‘धुरके’ हा तो शब्द. धूर आणि धुके यांच्यापासून तो झाला हे सांगावेच लागत नाही. इंग्रजीत स्मोक व फॉग यांच्यात ओकार-ऑकाराचे काहीसे साम्य आहे इतकेच. मराठीत दोन्ही शब्दांचा आरंभच ‘धु’ या अक्षराने होतो. तेव्हा ‘धु’ हे अक्षर दोघांच्या सामाईक मालकीचे. त्यानंतरचा ‘र’ धुराचा आणि शेवटचा ‘के’ धुक्याचा. कोणाचे फारसे काही कापलेच गेले नाही. ‘धूर’ जवळजवळ पुरा आहे, ‘धुके’ तर दोन्ही टोकांनी पुरे आहे, केवळ मध्ये ‘र’ शिरला आहे.

यात आणखी एक खुबी आहे. ‘धूर’मधील ऊकार दीर्घ, ‘धुके’मधील उकार ऱ्हस्व, मग नव्या शब्दाने कोणता घ्यावा? मराठीत ‘धूर’ला प्रत्यय लागला की आपण धुराचा, धुराने, धुरात असे म्हणतो, म्हणजे शब्द पुढे वाढला की हा दीर्घ ऊकार आपोआप ऱ्हस्व होतो. धुरकेत शब्द वाढला आहे, त्यामुळे ऱ्हस्व ‘धु’ दोन्ही बाजूंनी न्याय्य ठरतो. शब्द घडविणाऱ्याने हा विचार कागद-लेखणी घेऊन केला असेल असे मला वाटत नाही. ज्याची ती भाषा आहे त्याची जीभ हे काम बिनबोभाट करून टाकते.

लिंगाचा निकालही असाच लागतो. धूर पुल्लिंगी, धुके नपुंसकलिंगी. धुरके मात्र ‘ते’ धुरके, आणि त्याचे सामान्यरूप ‘धुक्यात’प्रमाणे ‘धुरक्यात’. म्हणजे अशा शब्दांत जो उजवीकडे बसतो, घराची सत्ता त्याच्याकडे जाते: लिंग त्याचे, विभक्तीचे रूप त्याचे आणि बहुधा मुख्य अर्थही त्याचाच. धुरके हा धुक्याचा प्रकार आहे, स्मॉग हा फॉगचा. ही दुसरी कसोटी ध्यानात असली म्हणजे धूर आणि धुके यांचा क्रम उलटा का केला नाही, हे कळते. ‘धुकेर’ म्हटले असते तर ती धुराची जात झाली असती. शिवाय रकाराने संपणारे ते रूप ऐकून मराठी कानाला ते कोण्या माणसाचे आडनाव वाटले असते.

तरीही शब्द एकदा घडला की तो आपल्या आईबापांच्या ताब्यात राहतोच असे नाही. अमेरिकेतील लॉस अँजेलिस शहरावर कोरड्या, उन्हाच्या दिवसांत जे पिवळसर आवरण पसरते, त्यालाही स्मॉगच म्हणतात. पण मोटारींतून निघालेल्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते. तेथे चुलीचा धूर नाही आणि धुकेही नाही. मराठीत त्याला प्रकाशरासायनिक धुरके म्हणावे लागते, आणि धूर व धुके ही दोन्ही अक्षरशः कानाला ऐकू येत असल्यामुळे मराठी वाचकाला त्यातली विसंगती इंग्रजापेक्षा अधिक बोचते. शब्दाचा सांधा स्पष्ट असण्याचा हा एक तोटाच म्हणावयाचा.

समास आणि पोर्टमँटो यांतील भेद विदर्भातील बागाइतदाराला एका वाक्यात समजावून सांगता येईल: समास हे कलम आहे आणि पोर्टमँटो हा संकर. जंबेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात, तेव्हा एका झाडाच्या देहात दोन झाडे नांदत असतात. मूळ जंबेरीचे, माथा संत्र्याचा, आणि बांधलेल्या जागेच्या खालून धुमारा फुटलाच, तर त्याला जंबेरीच लागते, संत्रे लागत नाही. संकरित झाडात मात्र असा सांधा दाखविता येत नाही. प्रत्येक पानात दोन्ही वंश मिसळलेले असतात. आणि योगायोग असा की, लिंबूवर्गातील अशा संकरांची नावेही पोर्टमँटोच आहेत. फ्लॉरिडात १८९७ च्या सुमारास स्विंगल या वनस्पतिशास्त्रज्ञाने टँजेरीन जातीचे संत्रे आणि पपनसाच्या कुळातले पोमेलो यांचा संकर केला, त्या फळाचे नाव टँजेलो. टँजेरीनचे डोके आणि पोमेलोचे शेपूट.

आपल्या बोलण्यात असे कितीतरी शब्द वावरतात, ज्यांचा सांधा आपल्याला कधी दिसलेलाच नाही. १९७२ साली लुना बाजारात आली आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या अंगणात मोपेड उभी राहिली. तिला पायटे का असतात हे सर्वांना माहीत होते, पण तिच्या नावातच मोटर आणि पेडल दडलेली आहेत याकडे लक्ष फार थोड्यांचे गेले. परक्या भाषेतून शब्द अखंड येतो तेव्हा तो आपल्यापुरता एकजीवच असतो. हिंग्लिशचे तसे नाही, कारण तिचे दोन्ही मूळ शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ‘हिंदी’मधील ‘हिं’ आणि ‘इंग्लिश’मधील ‘इं’ यांत केवळ हकाराचा फरक असल्यामुळे ते सुरेख बसतात. पण त्याच धर्तीवर मराठी-इंग्रजीच्या खिचडीला ‘मिंग्लिश’ म्हणू लागले, तेव्हा मराठीच्या वाट्याला ब्लंचमधील न्याहारीप्रमाणे एक ‘म’ तेवढा राहिला. तो शब्द समजतो तो स्वतःच्या बळावर समजत नाही. हिंग्लिश आधी ऐकलेले असते म्हणून समजतो.

अशा रीतीने एका शब्दाचे शेपूट सुटून पुढे स्वतंत्र प्रत्ययासारखे वागू लागते, त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘वूड’. हॉलिवूड हा मुळात सरळ समास, हॉली नावाचे झुडूप आणि वूड म्हणजे वन. कलकत्त्यातील टॉलीगंजच्या चित्रपट-व्यवसायाला १९३२ साली एका अमेरिकन तंत्रज्ञाने टॉलिवूड म्हटले, ते टॉली आणि हॉली यांच्या यमकामुळे अगदी बेमालूम जमले. मुंबईच्या बॉलिवूडमध्ये मुंबईच्या जुन्या इंग्रजी नावाचा आद्य वर्ण काय तो राहिला, आणि ‘ऑलिवूड’ हा सगळा तुकडा चित्रपटसृष्टी अशा अर्थाने चालू लागला. मग त्यापुढे कोणताही वर्ण बसवावा आणि नवी चित्रसृष्टी उभी करावी, अशी टाकसाळच सुरू झाली.

त्या टाकसाळीचे एक नाणे विदर्भातले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भातपिकाच्या व अरण्याच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भाताचा हंगाम आटोपला की तेथील गावोगावी रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात, आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाटकमंडळ्यांची कार्यालये थाटलेली असतात. या रंगभूमीवर तृषांत इंगळे यांनी काढलेला मराठी चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला, त्याचे नाव ‘झॉलीवूड’. ‘झाडी’मधील आकार जाऊन त्याचा ऑकार झाला, ‘डी’ गेली, केवळ दंततालव्य ‘झ’ शिल्लक राहिला. नियमाने पाहिले तर हा ब्लंच आणि मिंग्लिश यांच्याच पंक्तीचा अपुरा शब्द. परंतु वैदर्भीय माणसाला तो तत्काळ कळतो, कारण तो ‘झ’ नाटकाच्या संदर्भात दुसऱ्या कशाचा असणार? शिवाय झाडी म्हणजे रान आणि वूड म्हणजेही रान, तेव्हा हॉलिवूडहून निघालेला, वाटेत अर्थ हरवलेला हा प्रत्यय वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन पुन्हा आपल्या मूळ अर्थाच्या शेजारी बसला आहे, हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात असो वा नसो.

राहता राहिला ब्रंच. स्मॉगला धुरके मिळाले, मग ब्रंचला मराठीने शब्द का दिला नाही? प्रयत्न करून पाहावा. न्याहारी आणि जेवण हे दोन शब्द समोर ठेवले, तर त्यांत सामाईक असे एकही अक्षर नाही. पहिल्याचे डोके व दुसऱ्याचे शेपूट घेतले तर ‘न्यावण’ होते, आणि त्यातून न्याहारीपेक्षा न्यायनिवाडाच आधी कानावर येतो. क्रम फिरविला तर ‘जेहारी’, ज्याला कोणीही एखाद्या रोगाचे किंवा शस्त्राचे नाव समजेल. सामाईक अक्षर नसले तरी पूर्वसूचक जोडाक्षराने भागते, हे ब्रंचने दाखविले आहे. परंतु ‘न्या’ हे अक्षर नेण्याची आज्ञा म्हणूनही रोज ऐकावे लागत असल्यामुळे तेही येथे उपयोगी पडत नाही. अर्थाची अडचण तर त्याहून मोठी आहे. लंच हे दुपारचेच असते, पण आपले जेवण दुपारचेही असते आणि रात्रीचेही. उजव्या बाजूस बसून घर चालविण्याचे काम ज्याने करावयाचे, तोच शब्द वेळेबाबत अनिश्चित आहे.

आणि रविवारी उशिरा उठलेला नागपूरकर दहा-अकराच्या सुमारास तर्री-पोह्यांची दुसरी बशी संपवून दुपारचे पान घेऊ नका असे घरी सांगतो, तेव्हा त्या भोजनाला तो ‘पोहे’ इतकेच म्हणतो, आणि त्याचे काम अडत नाही.